जंतू सापडला, पण आजार आहे का?

१९३५ साली हॉल आणि ओटूल या अमेरिकी संशोधकांना धडधाकट तान्ह्या बाळांच्या शीमध्ये एक नवा जंतू सापडला. प्रयोगशाळेत वाढवताना त्याने नाकी नऊ आणले, म्हणून त्याचे नावच पडले ‘डिफिसिलिस’, म्हणजे अवघड. त्याचे विष गिनीपिगांना जीवघेणे ठरले. बाळे मात्र मजेत होती. क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक घेतल्यावर काहींच्या मोठ्या आतड्यात पिवळट पापुद्रे धरतात, त्यामागे हाच जंतू आहे, हे १९७८च्या सुमारास जॉन बार्टलेट आदींनी दाखवले. तोवर चाळीस वर्षे उलटली होती. जंतू पोटात असणे वेगळे आणि आजार असणे वेगळे, हा त्या बाळांनी दिलेला धडा मात्र आजच्या चाचण्यांच्या गर्दीत हरवतो आहे.

समजा, सत्तरीच्या एका बाईंना न्यूमोनियासाठी सेफ्ट्रियाक्सोन चालू आहे आणि सहाव्या दिवशी जुलाब सुरू झाले. अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबांत बहुतेकदा या जंतूचा हात नसतोच. आतड्यातली नेहमीची जंतुवस्ती विस्कटलेली असते आणि औषध थांबले की पोट सावरते. पण चोवीस तासांत तीन-चार पातळ शौच झाले, तर तपासायलाच हवे. पीसीआर चाचणी विष तयार करणारे जनुक शोधते, प्रत्यक्ष विष नव्हे. घरात चूल आहे एवढेच ती सांगते. ती पेटली आहे का, हे विषाची चाचणी सांगते. कॅलिफोर्नियातल्या एका रुग्णालयातील १,४१६ रुग्णांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. पीसीआर पॉझिटिव्ह आलेल्या २९३ जणांपैकी १६२ जणांच्या शौचात विष आढळले नाही. त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळाले नाहीत, तरी त्यांची प्रकृती जंतू नसलेल्यांसारखीच सुधारली.

कोणी म्हणेल, शंका आहे तर औषध देऊन मोकळे व्हावे. पण ते औषधही अँटिबायोटिकच. तोंडाने दिवसातून चार वेळा १२५ मिलिग्रॅम व्हॅन्कोमायसिन, असे दहा दिवस (शिरेतून दिले तर ते आतड्याच्या पोकळीत पुरेसे पोचतच नाही). ते आतड्यातल्या उरल्यासुरल्या उपयोगी जंतूंनाही झोडपते आणि मागे राहिलेल्या बीजाणूंना रान मोकळे मिळते. बऱ्या झालेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला आजार उलटतो तो यामुळेच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: विषाची चाचणी काही खरे रुग्ण हुकवते. म्हणून ताप, फुगलेले पोट, वाढलेल्या पांढऱ्या पेशी असतील, तर निगेटिव्ह कागदावर विसंबू नये. मात्र एरवी त्या बाईंचे सेफ्ट्रियाक्सोन थांबवता किंवा बदलता येईल का, हा पहिला प्रश्न, व्हॅन्कोमायसिन नंतर. आणि जुलाब थांबल्यावर ‘जंतू गेला का’ म्हणून पुन्हा नमुना पाठवू नये: बरे झाल्यावरही कित्येक आठवडे चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते.