निम्म्याहून अधिक कोण?

संगणकाचा प्रोग्राम किती वेळ घेतो, हे सगळेच विचारतात. काम करताना तो किती जागा अडवतो, हे मात्र सहसा मेमरी अपुरी पडल्यावरच विचारलं जातं. आज मी या दुसऱ्या प्रश्नाविषयी, एकच उदाहरण घेऊन बोलणार आहे.

समजा, एका मदत केंद्राला आलेल्या प्रत्येक फोनचा नंबर एका फाइलमध्ये ओळीने नोंदलेला आहे. आपल्याला एवढंच शोधायचंय, की निम्म्याहून अधिक फोन एकाच नंबरवरून आले आहेत का?

सरळ पद्धत कुणालाही सुचेल. एक वही करायची, नवा नंबर आला की त्याच्यासाठी एक ओळ उघडायची, तोच पुन्हा आला की त्याच्यापुढचा आकडा एकने वाढवायचा. आता जागेचा हिशेब करू. मूळ फाइल डिस्कवर आहेच, ती यात धरायची नाही. मोजायची ती फक्त कामासाठी लागलेली जादा जागा. नंबराला ८ बाइट आणि आकड्याला ८, म्हणजे ओळीला निदान १६ बाइट. सगळे नंबर वेगवेगळे निघाले, तर १० लाख नंबरांच्या वहीला १ कोटी ६० लाख बाइट लागतील. १० कोटी नंबर आले तर १६० कोटी. नोंदी शंभरपट, तर जागाही शंभरपट. या वाढीला संगणकशास्त्रात O(n) म्हणतात. यातला n म्हणजे नोंदींची संख्या. आणि जादा जागेच्या अशा हिशेबाचं नाव ‘स्पेस कॉम्प्लेक्सिटी’.

इथे एक बारकावा आहे. मोजकेच दहा नंबर पुन्हा पुन्हा येत असतील, तर वही दहा ओळींतच संपेल. म्हणजे जागा ठरते ती वेगवेगळ्या नंबरांच्या संख्येवरून. पण पुढे काय येणार हे आधी ठाऊक नसतं, म्हणून हिशेब वाईटात वाईट परिस्थितीचा करायचा.

रॉबर्ट बॉयर आणि जे स्ट्रॉदर मूर या दोन अमेरिकी संशोधकांनी १९८१ मध्ये याच प्रश्नावर एक वेगळी युक्ती मांडली. तिला वही लागत नाही. लक्षात ठेवायचं ते फक्त एक नाव आणि एक आकडा. आकडा शून्य असेल, तर समोर आलेलं नाव धरायचं आणि आकडा एक करायचा. नाहीतर, धरलेलंच नाव आलं तर एक मिळवायचा, दुसरं आलं तर एक वजा करायचा.

नंबरांऐवजी फळांच्या चिठ्ठ्या घेऊन पाहू. आंबा, चिकू, पेरू, आंबा, आंबा, चिकू, आंबा अशा सात चिठ्ठ्या आहेत. पहिल्या आंब्याने आकडा एक झाला, चिकूने तो शून्य केला. मग पेरू धरला, त्याला पुढच्या आंब्याने खोडलं. पुन्हा आंबा धरला, चिकूने खोडला. शेवटी आंबा आला आणि तोच हाती राहिला. सातांत आंबे चार आहेत, उत्तर बरोबर. कारण साधं आहे. प्रत्येक वजाबाकीत दोन वेगळ्या नावांची एकेक चिठ्ठी बाद होते. निम्म्याहून अधिक असलेल्याला उरलेले सगळे मिळूनही पुरते खोडू शकत नाहीत.

मात्र बहुमत कुणालाच नसेल, तर ही युक्ती चकवते. आंबा, आंबा, चिकू, चिकू, पेरू या चिठ्ठ्यांत शेवटी पेरू हाती राहतो, आणि त्याची चिठ्ठी तर एकच! म्हणून फाइल पुन्हा पहिल्यापासून वाचून त्या एका नावाची मोजणी करावीच लागते. जागा वाचली, पण वाचन दोनदा झालं. नोंदी येताच पुसल्या जात असतील, तर ही खातरजमा करताच येणार नाही.

नोंदी १० लाख असोत की १० कोटी, इथे जादा जागा तेवढीच, १६ बाइट. याला O(1) म्हणतात. अगदी काटेकोर बोलायचं, तर आकडा मोठा होईल तशी त्यालाही जागा वाढवून लागते. पण नोंदी दुप्पट झाल्या तरी वाढ फक्त एका बिटाची. १० कोटींचा आकडा २७ बिटांत मावतो.

तुमचा प्रोग्राम कुठल्या जातीचा आहे, हे कसं ओळखायचं? त्याला १ लाख, २ लाख, ४ लाख वेगवेगळ्या नोंदी द्या आणि दर वेळी त्याने घेतलेली मेमरी पाहा. ती जवळपास तेवढीच राहिली तर चिंता नाही. नोंदींबरोबर तीही दुप्पट होत गेली, तर मेमरी भरेल त्या दिवशी संगणक तिच्यातला मजकूर डिस्कवर ने-आण करू लागेल आणि मिनिटांचं काम तासांवर जाईल. तो दिवस किती नोंदींना उगवणार, हे मात्र साध्या गुणाकाराने आजच काढता येतं.