डांबरगोळी आणि शेंगदाण्यांची पिशवी

लहान घरांत कपाट बऱ्याचदा एकच असतं. वरच्या कप्प्यात साड्या, मधल्यात मुलांचे कपडे आणि स्वयंपाकघरात जागा नाही म्हणून खाली शेंगदाण्यांची पिशवी, खोबऱ्याच्या वाट्या, रव्याचा पुडा. साड्यांच्या घड्यांत चार डांबरगोळ्या. मग कधीतरी दाण्याचं कूट भाजीत पडतं आणि पहिल्याच घासाला डांबराचा वास येतो. दाणे धुऊन, भाजूनही तो पुरता जात नाही.

गोळी नॅप्थलीनची असेल, तर ती पातळ न होता थेट हवेत उडून जाते, म्हणून दिवसेंदिवस लहान होत जाते. ही वाफ फळ्यांच्या फटींतून कपाटभर पसरते. नॅप्थलीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात-तुपात मात्र सहज विरघळतं. त्यामुळे दाणे, खोबरं, तीळ, तूप यांत ते मुरतं. पातळ प्लास्टिकच्या पिशवीचा इथे फारसा उपयोग नाही. वास लागलेले दाणे सरळ टाकून द्यावेत.

काही लोकांच्या तांबड्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं. नॅप्थलीन पोटात गेलं किंवा श्वासातून फार गेलं, की त्यांच्या पेशी फुटू लागतात. लघवी गडद तपकिरी होते, डोळे पिवळे पडतात, धाप लागते. तान्ह्या बाळांना हा धोका अधिक, म्हणून त्यांच्या दुपट्यांत डांबरगोळी ठेवूच नये. मुलाने गोळी गिळली, तर बरं वाटावं म्हणून दूध पाजू नये; दुधातल्या स्निग्धांशामुळे विष लवकर भिनतं. उलटीही करवू नये, गोळीचं पाकीट घेऊन थेट रुग्णालय गाठावं.

सिंकच्या जाळीत किंवा ओट्याखाली झुरळांसाठी गोळ्या टाकणं तर व्यर्थच. कसर मारण्याइतकी वाफ फक्त घट्ट बंद पेटीत साठते. खोलीत वास येतोय, म्हणजे वाफ माणसांच्या नाकात जातेय.

धान्यात टाकायच्या सेल्फॉससारख्या गोळ्यांचं प्रकरण याहून फार गंभीर आहे. हवेतल्या ओलाव्याने ॲल्युमिनियम फॉस्फाइडपासून फॉस्फिन वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम. त्याला उतारा नाही. लसूण किंवा सडक्या माशासारखा वास येतो, पण दर वेळी येईलच असं नाही. या गोळ्या प्रशिक्षित माणसांनी गोदामात वापरायच्या. राहत्या घरात पोत्यापाशी त्या नकोतच. ठेवलेल्या आढळल्या तर हात न लावता, पाणी न ओतता सगळ्यांनी बाहेर पडावं.

फवाऱ्याचे थेंब मांडणीवर, उघड्या डब्यांवर बसतात. झुरळांसाठी फटीत जेलचे ठिपके पुरतात, तेही धान्यापासून दूर.

डांबरगोळ्या हव्याच असतील, तर लोकरी कपड्यांच्या बंद ट्रंकेत, मुलांच्या हाताला न लागतील अशा, आणि ट्रंक धान्य नसलेल्या खोलीत. धान्याला गोळीची गरजच नाही. गहू-डाळी कडक उन्हात वाळवून, गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भराव्यात. रवा चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवला की किड्यांची अंडीही मरतात.