कटलेटसोबतचं केचप आणि बाटलीवरचं ‘एक सर्व्हिंग’

गेल्या आठवड्यात चहा-बिस्किटांची साखर मोजली. ती निदान दिसते तरी. कटलेटशेजारी ओतलेल्या केचपचा हिशेब मात्र सहसा कुणी मांडत नाही. या वेळी एकाच माणसाचं रात्रीचं जेवण घेऊ: भाज्यांची कटलेटं, केचप, थोडा स्वीट चिली सॉस आणि शेवटी स्ट्रॉबेरी योगर्टचा 80 ग्रॅमचा कप.

केचपच्या बाटलीवर 100 ग्रॅममागे अॅडेड शुगर 24 ग्रॅम असं छापलं आहे, असं धरू. शेजारी ‘एक सर्व्हिंग 15 ग्रॅम’ असंही असतं, म्हणजे जेमतेम साडेतीन ग्रॅम साखर. हा आकडा वाचून माणूस निर्धास्त होतो. पण 15 ग्रॅम केचप म्हणजे एक मोठा चमचा, तोही सपाट, आणि ताटात बाटली दाबताना चमचा कोण मोजतं? म्हणून बाटलीच किचनच्या वजनकाट्यावर ठेवायची, वाढण्याआधी आणि नंतर. आधी 612, नंतर 574. पोटात गेलं 38 ग्रॅम केचप, आणि त्यातून 9.1 ग्रॅम साखर.

स्वीट चिली सॉस याहून गोड. त्यात 100 ग्रॅममागे 45 ग्रॅम साखर असणं नवलाचं नाही, म्हणजे 20 ग्रॅम सॉसमधून 9 ग्रॅम.

गोंधळ होतो तो योगर्टपाशी. कपावर दोन ओळी असतात: टोटल शुगर 15 आणि अॅडेड शुगर 10.5, दोन्ही 100 ग्रॅममागे. मधला साडेचार ग्रॅमचा फरक मुख्यतः दुधातल्या लॅक्टोजचा. तो साध्या दह्यातही असतोच. आपला कप 80 ग्रॅमचा, तेव्हा वरून घातलेली साखर 8.4 ग्रॅम. ‘टोटल’ची ओळ धरली असती तर हिशेबात 12 आले असते. मधुमेहींनी मात्र लॅक्टोज सोडून देऊ नये, कारण इन्सुलिनचा डोस ठरवताना एकूण कर्बोदकं मोजतात. सॉस दाट करायला घातलेला स्टार्चही त्यातच येतो, आणि तो साखरेच्या ओळीत दिसत नाही.

बेरीज 26.5 ग्रॅम. लेबलवरचे टक्के दिवसाला 50 ग्रॅम अॅडेड शुगर धरून काढलेले असतात. जागतिक आरोग्य संघटना तर 25 ग्रॅमच्या आत राहणं अधिक चांगलं म्हणते. चहा, बिस्किटं यात धरलेलीच नाहीत.

‘नो अॅडेड शुगर’ लिहिलेल्या सॉसच्या घटकांत फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट आहे का, ते पाहावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात तीही साखरच. घरच्या चिंचगुळाच्या चटणीला लेबल नसतं, पण गूळ तोलता येतो. 100 ग्रॅम गुळात साधारण 85 ग्रॅम साखर. त्यात 400 ग्रॅम चटणी झाली, तर दोन मोठे चमचे, म्हणजे 30 ग्रॅम चटणीतून सहा ग्रॅमच्या वर साखर जाते.