पाचशे रुपयांत चार सेकंद

श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ (१९७६) गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला. त्यांची ओळख आपल्या दूध संघाशी होती आणि पैसे त्या भरवशावर आले. आज क्राउडफंडिंग करणाऱ्या नव्या दिग्दर्शकामागे असा संघ नसतो. पाचशे रुपये देणारा अनोळखी माणूस त्याला ओळखतो तो दोन मिनिटांच्या व्हिडिओतून. म्हणून या व्हिडिओची संहिता चित्रपटाच्या ट्रेलरसारखी लिहून चालत नाही.

एक उदाहरण घेऊ. कोकणातल्या एका होडीवर पंचवीस मिनिटांचा लघुपट चित्रित झाला आहे. अडलंय ते आवाजाचं काम. बहुतेक जण सुरुवात करतात, “आमचं स्वप्न साकार करायला मदत करा.” त्याऐवजी पहिल्या पंधरा सेकंदांत चित्रपटातलाच एक प्रसंग दाखवावा, आहे त्या आवाजासकट. वाऱ्याच्या घोंघाटात नायिकेचं वाक्य बुडून जातं. मग दिग्दर्शक कॅमेऱ्यात बघून म्हणतो, “ती काय म्हणाली, ते तुम्हाला ऐकू आलं नाही. तेवढंच काम राहिलंय.” चित्रीकरण खरोखर झालंय आणि पैसे कशाला हवेत, या दोन्ही गोष्टी बघणाऱ्याला एकदमच कळतात.

पुढे हिशेब. “आवाजाच्या कामाला दीड लाख. वेबसाइटचं शुल्क आणि तुम्हाला पाठवायच्या पोस्टरचा खर्च मिळून तीस हजार. एकूण एक लाख ऐंशी हजार. तुमच्या पाचशे रुपयांत साधारण चार सेकंदांचा चित्रपट पुरा होतो.” शुल्काचा आकडा लपवू नये, तो नंतर कळला की आधीच्या आकड्यांवरही शंका येते. आणि छोट्या देणगीदाराला सगळ्यात जास्त सतावतं ते हेच, की माझ्या एवढ्याशा पैशानं काय होणार? चार सेकंद हे त्याचं उत्तर आहे.

शेवटची तीस सेकंदं अडचणीच्या प्रश्नांना द्यावीत. रक्कम पुरी जमली नाही, तर पैसे परत मिळतील का? काही मंचांवर मिळतात, काहींवर जमले तेवढे दिग्दर्शकाला जातात. आपल्या मंचाचा नियम व्हिडिओत स्पष्ट सांगावा. काम लांबलं तर कळवणार कोण आणि कधी? “दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी लिहीन,” हे वचन पाळता येतं. “महोत्सवात निवड होईल” हे वचन देऊच नये, कारण तो निर्णय आपल्या हातात नसतो.

चित्रीकरणाआधी संहिता मित्रांपेक्षा एखाद्या फारशी ओळख नसलेल्या शेजाऱ्याला वाचून दाखवावी. मग कागद बाजूला ठेवून त्याला तीन प्रश्न विचारावेत: पैसे किती हवेत, कशासाठी, आणि जमले नाहीत तर काय? ज्या प्रश्नावर तो अडखळेल, तो परिच्छेद पुन्हा लिहावा.