एकच गिऱ्हाईक आणि करारातलं एक कलम

गुजरातमधल्या पाटण जिल्ह्यातला ॲस्टनफील्डचा सौरप्रकल्प आपली सगळी वीज गुजरात ऊर्जा विकास निगमला विकत असे. पुरांनी प्रकल्पाची हानी केली, कर्ज थकलं आणि २०१८मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली.

पुढच्या वर्षी निगमने नोटीस बजावली. कारण करारातच लिहिलेलं होतं: कंपनी दिवाळखोरीत गेली की करार मोडता येईल.

८ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निगमला अडवलं. एकुलतं एक गिऱ्हाईक गेलं, तर वाचवायला कंपनीच उरणार नव्हती. मात्र अशी सगळीच कलमं न्यायालयाने रद्द ठरवली नाहीत, आणि तो संयम योग्यच होता. त्याच वर्षी टीसीएसच्या प्रकरणात करार निकृष्ट सेवेमुळे मोडला होता. तिथे दिवाळखोरी न्यायाधिकरणाला हात घालता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

मग माल पुरवणाऱ्याचं काय? समजा, एखादा व्यापारी अशा कारखान्याला रसायन देतो आणि त्याचे चार लाख आधीचे थकले आहेत. कारभार पाहणाऱ्या रिझोल्युशन प्रोफेशनलने ते रसायन कारखाना चालू ठेवायला अत्यावश्यक ठरवलं, तर स्थगितीच्या काळात पुरवठा थांबवता येत नाही. जुन्या चार लाखांसाठी व्यापाऱ्याने दावा दाखल करून थांबायचं. स्थगितीनंतर दिलेल्या मालाचं बिल मात्र चुकतं व्हायलाच हवं. ते थकलं, तर कलम १४(२अ) त्याला गाडी रोखण्याची मुभा देतं. म्हणून स्थगितीच्या तारखेपासून बिलांचा हिशेब वेगळा ठेवावा.