रविवारी चार वाजता बस्टर कीटन

सोसायटीच्या हॉलमध्ये सिनेमा लावायचा म्हटलं की पहिला प्रश्न भाषेचा येतो. या वेळी फलकावर लागलेल्या निमंत्रणात तो सुटला आहे: ‘रविवारी दुपारी ४ वाजता बस्टर कीटनचा मूकपट ‘शेरलॉक ज्युनिअर’ (१९२४). सिनेमा पाऊण तासाचा. आधी पाच मिनिटं ओळख, नंतर चहा. मुलांना जरूर आणा. तिकीट नाही.’ मधल्या इंग्रजी पाट्या मोजक्याच आहेत, एकाने मोठ्याने मराठीत वाचल्या की झालं. चित्रपट शंभर वर्षांचा, म्हणून त्यावरचा हक्क संपलेला. पण त्याला नव्याने दिलेल्या संगीतावर हक्क असू शकतो. आपल्यातलंच कुणी पेटी घेऊन बसलं तर उत्तम. पूर्वी मूकपटाला अशीच साथ असायची.

दुपारच्या खेळाचा खरा शत्रू ऊन. पश्चिमेच्या खिडकीतून तिरीप आली की पडद्यावरचा काळा रंग राखाडी होतो आणि चेहरे पुसट दिसतात. शनिवारी चारलाच प्रोजेक्टर लावून बघावं आणि जिथून उजेड येतो तिथे जाड चादरी बांधाव्यात.

आता ओळखीचं. विनोद आधी सांगितला की त्याचा जीव जातो, म्हणून गोष्ट सांगू नये. काय बघायचं तेवढं सांगावं. नायक सिनेमागृहात यंत्र चालवणारा. त्याला डुलकी लागते आणि स्वप्नात तो समोरच्या पडद्यात शिरतो. तिथे त्याच्याभोवतीची जागा सारखी बदलते. बागेतल्या बाकावर बसायला जातो तो रस्त्यावर आपटतो. मग कडा, सिंह, वाळवंट, समुद्र, बर्फ. तो मात्र होता तिथेच. हे साधायला प्रत्येक ठिकाणी कॅमेऱ्यापासून कीटनपर्यंतचं अंतर काटेकोर मोजून त्याला नेमक्या त्याच जागी उभं केलं होतं. एवढं ऐकलेला माणूस त्या प्रसंगात कीटनच्या पायांकडे बघतो आणि दुप्पट हसतो.

एक गोष्ट मात्र ओळखीत मुळीच सांगू नये. धावत्या मालगाडीच्या टपावरून पळत कीटन पाण्याच्या टाकीच्या नळाला लोंबकळतो. नळ खाली येतो, पाण्याचा लोंढा त्याला रुळांवर आपटतो, आणि तो उठून पळत सुटतो. त्या आपटण्यात त्याच्या मानेचं हाड मोडलं होतं. ते कळलं कित्येक वर्षांनी, डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र पाहिलं तेव्हा. हे आधी कळलं तर त्या क्षणी हॉलमध्ये कुणी हसणार नाही आणि विनोदावर अन्याय होईल. म्हणून चहा शेवटी ठेवला आहे. कप हातात आले की ही हकिकत सांगावी आणि ज्यांना हवं त्यांच्यासाठी तेवढा तुकडा पुन्हा लावावा.