गुरुवारी जमणार नाही: एका ई-मेलचे मराठी

पुण्यातल्या एका कंपनीच्या खरेदी विभागातली अधिकारी आणि कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्री चालवणारे साठीतले कारखानदार, अशी दोन माणसे डोळ्यांपुढे आणा. त्यांना पाटीलसाहेब म्हणू. नव्या कास्टिंगचे दर ठरवायला त्यांनी गुरुवारी सकाळी 11 वाजता ऑनलाइन मीटिंग ठेवली आहे. त्याच दिवशी कंपनीत ऑडिट असल्याने बाईंना वेळ नाही. त्यांनी सवयीने इंग्रजीत चार ओळींचा मजकूर लिहिला. पण पाटीलसाहेबांचा सगळा पत्रव्यवहार मराठीत चालतो, म्हणून तोच मजकूर मराठीत करून कोणीतरी त्यांच्यापुढे ठेवला:

«प्रिय श्री. पाटील, गुरुवारच्या बैठकीच्या आमंत्रणाबद्दल धन्यवाद. दुर्दैवाने, पूर्वनियोजित वचनबद्धतेमुळे मी उपस्थित राहण्यास असमर्थ आहे. पुढील आठवड्यात बैठक पुनर्निर्धारित करण्यास मला आनंद होईल. मंगळवार किंवा बुधवार आपल्यासाठी योग्य आहे का ते कळवा. दरम्यान, तुम्ही दरपत्रक पाठवू शकता. गैरसोयीबद्दल क्षमस्व.»

व्याकरणाची चूक दाखवा म्हटले तर सापडणार नाही. तरीही पाटीलसाहेब हे वाचून फोन उचलतील आणि विचारतील, «काही बिनसलंय का?»

असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. इंग्रजी मजकुरात अदब असते ती वरून पेरलेल्या शब्दांत: अनफॉर्च्युनेटली, प्लीज, हॅपी टू, फील फ्री. सर्वनाम एकच, क्रियापदही सगळ्यांना सारखेच, त्यामुळे मृदूपणा आणायला हे शब्द लागतातच. मराठीत अदब मुख्यतः सर्वनामात आणि क्रियापदाच्या शेवटात असते. वरचे शब्द एकेक करून मराठीत आणले की वाक्ये जड होतात, आणि जिथे अदब दिसायला हवी तिथे नुसते «कळवा» उरते.

म्हणून पहिले वाक्य लिहिण्याआधीच ठरवायचे ते नाते. जुन्या मराठी पत्रलेखनात ही सोय मायन्यातच होती. शिरसाष्टांग नमस्कार, साष्टांग नमस्कार, सप्रेम नमस्कार, अनेक उत्तम आशीर्वाद, यांतले काय लिहिले आहे त्यावरून लिहिणारा कुठे आणि वाचणारा कुठे हे मजकूर सुरू होण्याआधीच कळे. ई-मेलमध्ये मायना गेला, पण त्याने करायचा निर्णय गेला नाही. तो आता «तुम्ही» की «आपण» या प्रश्नात आला आहे.

वरच्या मसुद्यात हा निर्णय झालेलाच नाही. एका वाक्यात «आपल्यासाठी» आहे आणि लगेच पुढच्या वाक्यात «तुम्ही». वाचणाऱ्याला ते खटकते, कारण आधी अदबीने बोललेला माणूस मध्येच बदलला असे वाटते. घाईत केलेल्या भाषांतरात हीच गडबड सर्वांत जास्त दिसते.

मग यांतले काय निवडावे? पुष्कळांना वाटते की कार्यालयीन म्हटले की «आपण» हेच बरोबर. मला हे पटत नाही. या बाई पाटीलसाहेबांशी फोनवर «तुम्ही» म्हणून बोलत असतील, वर्षानुवर्षांचा व्यवहार असेल, तर अचानक आलेले «आपण» मान वाढवत नाही, अंतर वाढवते. नकार देतानाच अंतर वाढले की नकार आणखी कडक वाटतो. फोनवर जे सर्वनाम वापरतो तेच पत्रात ठेवावे आणि आदर «साहेब»मधून, क्रियापदातून दाखवावा. कधी भेट न झालेल्या, पदाने मोठ्या माणसाला मात्र «आपण»च लिहावे.

«तुम्ही» निवडण्याचा आणखी एक फायदा आहे. मराठीत «आपण»चे दोन अर्थ आहेत: आदरार्थी समोरचा, आणि मी व समोरचा मिळून दोघे. कर्ता असेल तेव्हा क्रियापद घोटाळा सोडवते. «आपण कळवाल» म्हणजे समोरचा, «आपण बोलू» म्हणजे दोघे. पण «आपल्याला मंगळवार सोयीचा आहे का?» किंवा «आपली मीटिंग» इथे क्रियापद मदतीला येत नाही. कोणाला सोयीचा, कोणाची मीटिंग, हे वाचणाऱ्याने ताडायचे. समोरच्यासाठी «तुम्ही» ठेवले की «आपण» हा शब्द दोघांसाठी मोकळा राहतो, आणि «मंगळवारी आपण सविस्तर बोलू» या साध्या वाक्यात नकाराची धार आपोआप कमी होते.

आता मुख्य वाक्य. «मी उपस्थित राहण्यास असमर्थ आहे» यात कर्ता «मी» आहे आणि तो आपली असमर्थता जाहीर करतो आहे. «मी येणार नाही» म्हटले तर तो थेट निश्चय झाला, रुसल्यासारखा. «मी येऊ शकणार नाही» चालते, पण मराठीची या कामासाठीची खरी रचना वेगळी आहे: «मला जमणार नाही», «मला शक्य होणार नाही». इथे न येणे ही माझी इच्छा राहत नाही, ती परिस्थिती होते, आणि मी फक्त ती सोसणारी. «जमणार नाही» ओळखीच्या माणसाला, «शक्य होणार नाही» जरा औपचारिक. अर्थ तोच, पायरी वेगळी.

या रचनेमुळे आणखी एक अडचण टळते. इंग्रजी मजकुरावरून लिहिणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही, मराठीत मात्र «विनंती करतो» की «विनंती करते» हे लिहावेच लागते. भाषांतर करणाऱ्याला पाठवणाऱ्याची माहिती नसेल तर तो नकळत «करतो» लिहून टाकतो. «मला जमणार नाही», «अशी विनंती आहे» या वाक्यांत तो प्रश्नच येत नाही.

«दुर्दैवाने» काढून टाकावे. मराठीत दुर्दैव अपघातात, आजारपणात असते. ऑडिटमुळे मीटिंग चुकणे हे दुर्दैव नव्हे. त्या शब्दाचे काम कारणाने होते. इंग्रजीत कारण मोघम ठेवणे सभ्यपणाचे समजतात, म्हणून तिथे «प्रायर कमिटमेंट» पुरते. मराठीत इतके मोघम कारण टाळल्यासारखे वाटते. सांगण्यासारखे असेल तर «आमच्याकडे ऑडिट आहे» असे सरळ सांगावे, नसेल तर «त्या वेळी आधीच एक काम ठरले आहे» एवढे तरी. आणि कारण नकाराच्या आधी यावे. मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी येते, त्यामुळे «ऑडिट असल्यामुळे मला जमणार नाही» असे लिहिले की वाचणारा नकारापर्यंत पोचतो तेव्हा त्याला कारण कळलेले असते.

राहिली विनंती. «कळवा»च्या आधी «कृपया» लावले की काम झाले असे समजले जाते. पण «कृपया रांगेत उभे राहा» या पाटीवरही «कृपया» असतेच, आज्ञा आज्ञाच राहते. दुसरा मोह «कळवावे» लिहिण्याचा. हे रूप फसवे आहे. «रजा मंजूर करावी, ही विनंती» असे कर्मचारी साहेबांना लिहितो, आणि «अहवाल तातडीने सादर करावा» असे साहेब कर्मचाऱ्याला लिहितात. रूप एकच, पहिल्यात ते अदबीचे झाले ते «ही विनंती»मुळे. ते शब्द नसतील तर कार्यालयात «करावे» हा आदेशच. पाटीलसाहेबांसाठी प्रश्नार्थी रूप सर्वांत चांगले: «चालेल का?», «पाठवून ठेवाल का?» होकार-नकाराची मोकळीक समोरच्याच्या हातात राहते.

«गैरसोयीबद्दल क्षमस्व» हे शब्द खोदलेल्या रस्त्यापुढच्या फलकावरचे. माणसाने माणसाला लिहायचे नव्हेत. नकाराला जोडूनच एकदा «दिलगीर आहे» म्हटले की पुरे. «माफी» तर इथे फारच मोठी होते.

एवढे पाहून मजकूर असा होतो:

«विषय: गुरुवारच्या मीटिंगची वेळ

नमस्कार पाटीलसाहेब,

नव्या कास्टिंगच्या दरांबाबत बोलण्यासाठी तुम्ही गुरुवारी मीटिंग ठेवलीत, त्याबद्दल आभार. त्या दिवशी आमच्याकडे ऑडिट असल्यामुळे मला 11 वाजता हजर राहणे जमणार नाही, त्याबद्दल दिलगीर आहे. पुढच्या मंगळवारी किंवा बुधवारी सकाळची वेळ तुम्हाला चालेल का? दरपत्रक तयार असेल तर तेवढे आधी पाठवून ठेवाल का? म्हणजे मी ते पाहून ठेवीन आणि मीटिंगमध्ये आपण थेट दरांवरच बोलू.

कळावे.»

«मीटिंग» मुद्दाम ठेवले आहे. पाटीलसाहेबांनी तोच शब्द वापरला आहे, आणि «बैठक» म्हटले की पाच-सात माणसे टेबलाभोवती बसलेली डोळ्यांपुढे येतात. विषयाच्या ओळीत «नकार» किंवा «असमर्थता» नाही, «वेळ» आहे, कारण प्रश्न वेळेचाच आहे.

तपासायची रीतही सोपी आहे. मजकुरातली फक्त क्रियापदे वरून खाली वाचावीत: ठेवलीत, जमणार नाही, दिलगीर आहे, चालेल का, पाठवून ठेवाल का, पाहून ठेवीन, बोलू. सगळी एकाच पायरीवरची आहेत. मध्येच «कळवा» किंवा «उपस्थित राहावे» आले असते तर लगेच कानाला कळले असते. «जमणं» आणि «राहणे» अशी बोलीची व लेखी रूपे एकत्र आली तरी अशीच कळतात. या पत्रात लेखी रूप ठेवले आहे.

हाच नकार जिल्हाधिकारी कार्यालयाला जायचा असेल तर पत्र वेगळेच होईल. 1964 च्या राजभाषा अधिनियमानुसार राज्याच्या कारभाराची भाषा मराठी, आणि त्या कारभाराची स्वतःची ठरलेली घडी आहे: विषय, संदर्भ म्हणून आलेल्या पत्राचा क्रमांक व दिनांक, मग «महोदय». तिथे आपुलकीची वाक्ये शोभत नाहीत. «सदर बैठकीस मला उपस्थित राहणे शक्य होणार नाही» हे पुरते, पण ते एकटे पुरत नाही. अशा ठिकाणी अदब शब्दांपेक्षा पुढच्या वाक्यात असते: «माझ्याऐवजी आमच्या कार्यालयातील संबंधित अधिकारी उपस्थित राहतील, कृपया नोंद घ्यावी, ही विनंती.» प्रतिनिधी न पाठवता कितीही नम्र लिहिले तरी ते गैरहजेरीचेच पत्र ठरते. आणि «कळविण्यात येते की» हे वाक्य कार्यालयासाठी सोडून द्यावे. बाहेरच्या माणसाने «कळवू इच्छितो» किंवा «कळवू इच्छिते» लिहावे.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मात्र यातले काहीच लिहू नये. «अरे, गुरुवारी ऑडिट आहे, 11 ला नाही जमणार. मंगळवारी बसू या का?» इतकेच. त्याला «उपस्थित राहणे शक्य होणार नाही» असे पाठवले तर तो जागेवरून उठून विचारायला येईल, आपले काय चुकले म्हणून.